काटा टॉन्सिलला की त्याच्या खालच्या खळग्यात? करली खाल्ल्यानंतरच्या टोचणीबद्दल

"मी ऐरोलीला राहतो. परवा रात्री करली खाताना काटा घशात अडकला. भाताचे गोळे गिळून झाले, दोन केळी झाली. काल डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं, टॉन्सिल स्वच्छ आहेत म्हणाले. मानेचा एक्स-रेही काढला, त्यात काही नाही. पण अजून आवंढा गिळला की कंठमण्याच्या जरा वर, उजव्या बाजूला टोचतं आणि उजव्या कानात कळ जाते. एरवी काही त्रास नाही, ताप नाही. हा नुसता ओरखडा आहे का? कॅमेऱ्याने बघून घ्यायची गरज आहे का?"

हो, कॅमेऱ्याने बघून घ्या आणि आजच घ्या. ठाण्यात कान-नाक-घशाची प्रॅक्टिस करताना मला बावीस वर्षं झाली. चेंदणी कोळीवाड्यापासून पलीकडे दिवाळे गावापर्यंतचे लोक काटा अडकला की येतात. तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तुम्ही बोट ठेवता ती जागा तोंड उघडून दिसतच नाही. डॉक्टरांनी टॉन्सिल स्वच्छ सांगितले ते बरोबरच असेल, पण त्यांना दिसलेला घसा तुमच्या टोचणीच्या वर संपतो. खरा प्रश्न आहे तो त्याच्या खालच्या भागाचा.

घसा म्हणजे कवटीच्या तळापासून मानेच्या सहाव्या मणक्यापर्यंत उतरणारी साधारण १२ सेंटिमीटरची स्नायूंची नळी. समोरून ती उघडी आहे: वर नाकाकडे, मध्ये तोंडाकडे, खाली स्वरयंत्राकडे. जीभ दाबून बॅटरी मारली की फक्त मधला भाग दिसतो. जिभेचं मूळ आणि त्याखालचं सगळं जिभेच्याच आड राहतं.

या नळीची मागची आणि बाजूची भिंत तीन स्नायूंची आहे. वरचा, मधला आणि खालचा कन्स्ट्रिक्टर. स्टीलचे तीन पेले एकात एक बसवून ठेवले तर कसे दिसतील ते डोळ्यांपुढे आणा. वरचा पेला मधल्यात बसलेला, मधला खालच्यात, म्हणजे सर्वांत बाहेरचा खालचा. मागे मधोमध तिन्ही एका शिवणीत मिळतात. बाजूला मात्र ते एकमेकांना पूर्ण झाकत नाहीत, तिथे खिडक्यांसारख्या फटी राहतात आणि त्यांतून नसा, रक्तवाहिन्या आत येतात. तुमच्या काट्यासाठी दोन खिडक्या लक्षात ठेवा. वरच्या आणि मधल्या स्नायूच्या मधल्या खिडकीतून ग्लॉसोफॅरिंजियल नस येते, म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी नववी. तिच्याबरोबर स्टायलोफॅरिंजियस हा घसा वर उचलणारा बारीक स्नायू येतो. ही खिडकी टॉन्सिलच्या खालच्या टोकाजवळ आहे. मधल्या आणि खालच्या स्नायूच्या मधल्या खिडकीतून दहाव्या नसेची, व्हेगसची, आतली स्वरयंत्राची शाखा येते. ही खिडकी उघडते ती पायरीफॉर्म रिसेसजवळ, म्हणजे स्वरयंत्राच्या बाजूच्या खळग्यात. घशात बारीक काटे अडकण्याच्या ज्या जागा मी रोज पाहते, त्यांतल्या दोन नेमक्या या दोन खिडक्यांना लागून आहेत. त्यामुळे काटा कुठे आहे आणि दुखणं कसं आहे, याचा संबंध जोडता येतो.

काटा तिथे कसा पोचतो ते समजायला गिळण्याचा क्रम बघावा लागतो. घास चावून जिभेने टाळूवर दाबेपर्यंत सगळं आपल्या हातात असतं. घास घशाच्या तोंडाशी टेकला की पुढचं आपोआप होतं आणि साधारण एका सेकंदात उरकतं. मऊ टाळू वर उचलला जातो आणि नाकाची वाट बंद होते. जिभेचं मूळ मागे रेटतं, त्याच वेळी वरचा कन्स्ट्रिक्टर बाजूंनी आवळतो. टॉन्सिल याच अरुंद वाटेच्या दोन्ही बाजूंना, दोन कमानींच्या मधे बसलेले असतात आणि त्यांची मागची बैठक म्हणजे हा वरचा कन्स्ट्रिक्टरच. घासातून काटा बाहेर डोकावत असेल, तर या आवळण्यात तो टॉन्सिलमध्ये रुततो. टॉन्सिलचा पृष्ठभाग गुळगुळीत नसतो. त्यावर दहा-पंधरा खोल भोकं असतात आणि काटा कधी कधी त्यातल्या एकात एवढा शिरतो, की बाहेर दोन-तीन मिलिमीटरच उरतो. पांढऱ्या लाळेच्या तारेसारखा दिसतो, म्हणून नजरेतून सुटतो.

तिथून निसटला तर पुढचा टप्पा. हायॉइड हाड आणि स्वरयंत्र वर आणि पुढे सरकतं. कंठमण्यावर बोट ठेवून आवंढा गिळा, सरकताना कळेल. स्वरयंत्राचं तोंड आवळून बंद होतं, वरचं झाकण मागे कलतं, श्वास क्षणभर थांबतो. आता घासाला मधली वाट बंद असते, म्हणून तो नदीच्या मधल्या खडकापाशी पाणी फुटावं तसा दोन्ही बाजूंनी फुटतो आणि स्वरयंत्राच्या डाव्या-उजव्या पन्हाळीतून खाली उतरतो. या पन्हाळी म्हणजेच पायरीफॉर्म रिसेस. आतल्या बाजूला स्वरयंत्राच्या कडेची घडी, बाहेरच्या बाजूला कंठमण्याची कूर्चा आणि तिच्यावरचा पडदा, आणि खाली निमुळतं होत गेलेलं टोक. सगळे घास इथूनच जातात, म्हणून काटाही इथेच आडवा पडतो. यापुढे क्रायकोफॅरिंजियस हा अन्ननलिकेच्या तोंडाचा स्नायू असतो. तो एरवी आवळलेला असतो आणि घास आला की तेवढ्यापुरता सैल होतो. मटणाचं हाड किंवा मोठं कवळीसारखं काही असेल तर ते सहसा इथे अडतं. करली, पाला, भिंग यांचे केसासारखे काटे बहुतेकदा त्याच्या वरच राहतात.

आता तुमच्या टोचण्याकडे येऊ. घशाच्या या वरच्या भागात माणूस बाजू चांगली ओळखतो. उजवीकडे म्हणाला तर मी उजवीकडेच शोधते. उंचीबाबत मात्र अंदाज थोडा चुकतो. जबड्याच्या कोपऱ्याखाली बोट गेलं तर टॉन्सिल किंवा जिभेचं मूळ, कंठमण्याच्या पातळीला बाजूला गेलं तर पायरीफॉर्म रिसेस, हा माझा पहिला अंदाज असतो. अन्ननलिकेत उतरलेल्या वस्तूला बाजू उरत नाही. तेव्हा माणूस गळ्याच्या खालच्या खळीत, मधोमध हात ठेवतो. तुमचं बोट कंठमण्याच्या जरा वर आहे, म्हणजे टॉन्सिलचं खालचं टोक, जिभेचं मूळ किंवा पायरीफॉर्म रिसेसचा वरचा भाग. यांतलं एकही तोंडातून नीट दिसत नाही.

कानातली कळ मात्र जागा ठरवायला उपयोगी पडत नाही, आणि हे मी मुद्दाम सांगते, कारण अनेक जण कानाचे थेंब घालून बसतात. टॉन्सिलची संवेदना नववी नस नेते आणि तिचीच एक फांदी मधल्या कानाला जाते. पायरीफॉर्म रिसेसची संवेदना दहावी नस नेते आणि तिची एक फांदी कानाच्या नळीला आणि कानामागच्या कातडीला जाते. मेंदूला कळत नाही हाक कुठून आली, म्हणून घशातलं दुखणं कानात वाटतं. दोन्ही जागांहून कळ कानालाच जाते. तिचा अर्थ एवढाच की दुखणं त्या बाजूच्या खोल घशात आहे आणि कान निर्दोष असू शकतो.

इथे थोडं विषयांतर, पण आवश्यक. मासा खाल्ल्याचं आठवत नाही, एका बाजूला गिळताना दुखतं, त्याच बाजूच्या कानात कळ जाते, आणि हे तीन आठवड्यांहून जास्त चाललंय, असं असेल तर तो काटा समजू नका. तंबाखू, मिश्री, विडी किंवा दारूची सवय असणाऱ्यांमध्ये पायरीफॉर्म रिसेसमधला कर्करोग पुष्कळदा असाच सुरू होतो. तो खळगा रिकामा, ऐसपैस असतो, त्यामुळे गाठ मोठी होईपर्यंत गिळायला अडत नाही आणि कधी कधी मानेत गाठ आल्यावरच माणूस येतो. तुमची गोष्ट परवाच्या जेवणापासूनची आहे, म्हणून ती शंका मला नाही. वाचणाऱ्या इतरांसाठी हे लिहिलं.

ओरखडा की काटा, हे परिस्थितीवर अवलंबून आहे आणि घरबसल्या खात्रीने सांगता येत नाही. काटा पोटात गेलेला असतो आणि मागे फक्त खरचटलेलं असतं, असं खूपदा होतं. ओरखड्याचं दुखणं पहिल्या दिवशी जास्त असतं आणि २४ ते ४८ तासांत उतरत जातं, जागाही पसरट असते. काटा असेल तर प्रत्येक आवंढ्याला तीच जागा, तशीच तीक्ष्ण टोचते, मधल्या वेळात शांत असते आणि दुसऱ्या दिवशी उतार नसतो. तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकारचं आहे. एक्स-रे स्वच्छ आला यावर मी फार विसंबत नाही. बारीक काटा एक्स-रेत पुष्कळदा उमटत नाही. उलट वय वाढलं की स्वरयंत्राच्या कूर्चेत कॅल्शियम साठतं आणि ते काट्यासारखं दिसतं. मग जो काटा नाही तो दिसतो आणि जो आहे तो दिसत नाही.

एक पेशंट सविस्तर सांगते. दिवाळे गावच्या पन्नाशीतल्या बाई, जेवणात भिंग. रात्रीपासून टोचणं, सकाळी माझ्याकडे. कंठमण्याच्या बाजूला, डावीकडे बोट. तोंडातून टॉन्सिल दोन्ही बाजूंनी पाहिले, खालचं टोक दिसावं म्हणून पुढची कमान पट्टीने हलकेच बाजूला केली, स्वच्छ. मग नाकातून बारीक कॅमेरा घातला. जिभेचं मूळ नीट दिसावं म्हणून जीभ बाहेर काढायला सांगितली, तिथेही काही नाही. स्वरयंत्राच्या वर आल्यावर पहिली गोष्ट दिसली ती म्हणजे डाव्या खळग्यात साचलेली लाळ. उजवा खळगा कोरडा. हे फार बोलकं चिन्ह आहे. दुखतं म्हणून त्या बाजूने गिळणं पुरं होत नाही आणि लाळ मागे राहते. पण त्या लाळेखाली काय आहे ते दिसत नव्हतं, कारण शांत बसलेल्या माणसात हा खळगा मिटलेला असतो. मी त्यांना एक घोट पाणी गिळायला लावलं, मान उजवीकडे वळवायला सांगितली आणि ओठ मिटून गाल फुगवायला सांगितले. मान ज्या बाजूला वळते तिकडचा खळगा मिटतो आणि समोरचा उघडतो, गाल फुगवले की तो आणखी ताणला जातो. डावा खळगा उघडला आणि काटा दिसला. आडवा, एक टोक बाहेरच्या भिंतीत, दुसरं स्वरयंत्राच्या घडीला टेकलेलं. स्वरयंत्र वर सरकलं की हा काटा दोन्हीकडून ओढला जात होता. दर आवंढ्याला टोचत होतं ते यामुळे.

हा काटा मी दवाखान्यात ओढून काढला नाही. टॉन्सिलमधला असता तर खुर्चीवर बसवून, डोक्याला दिवा लावून, चिमट्याने दोन मिनिटांत काढला असता, तसे कित्येक काढते. पण पायरीफॉर्म रिसेसच्या भिंतीत ती आतली स्वरयंत्राची नस अगदी पातळ अस्तराखालून जाते. एवढ्या वर की तिथे औषधात भिजवलेला कापूस टेकवून स्वरयंत्र बधिर करता येतं. ही नस स्वरदोऱ्यांच्या वरच्या स्वरयंत्राची पहारेकरी आहे. पाण्याचा थेंब चुकीच्या वाटेने गेला की ठसका आणते ती हीच. रुतलेला काटा आडवा ओढला आणि अस्तर फाटून ही नस दुखावली, तर त्या बाजूचा पहारा जातो, मग पाणी नकळत श्वासनलिकेत उतरू शकतं. बाईंना उमासेही फार येत होते. म्हणून त्यांना त्याच दुपारी भूल देऊन, स्वरयंत्र उचलणाऱ्या नळीतून पाहत, आधी रुतलेलं टोक आलं त्याच वाटेने मागे सरकवलं आणि मग काटा बाहेर काढला. लांबी साधारण दोन सेंटिमीटर. संध्याकाळी गार दूध, दुसऱ्या दिवशी मऊ भात आणि त्या घरी गेल्या. सगळ्यांनाच भूल लागते असं मात्र नाही. उमासे कमी असतील, काटा मोकळा दिसत असेल आणि कॅमेऱ्यातूनच बारीक चिमटा घालता येत असेल तर जागेपणीही निघतो. ते काट्याच्या दिशेवर आणि पेशंटवर ठरतं.

प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या एका वर्षी मी स्वतः चुकले आहे. एका तरुण मुलाचे टॉन्सिल मी वरवर पाहून स्वच्छ म्हटले आणि ओरखडा असेल म्हणून घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी तो परत आला, टॉन्सिलच्या खालच्या टोकाशी कमानीमागे काटा होता आणि भोवती लाल सूज. काटा निघाला, तो बरा झाला, पण त्याचे तीन दिवस माझ्यामुळे वाया गेले आणि सूज वाढली असती तर पू धरला असता. तेव्हापासून तोंडातून स्वच्छ दिसलं आणि टोचणी तशीच असली तर मी कॅमेरा टाळत नाही.

भाताचा गोळा, केळं, पावाचा तुकडा हे आता बंद करा. आपल्याकडे घरोघरी हेच सांगतात आणि काटा मोकळा असेल तर तो कधी जातोही. रुतलेला असेल तर मात्र गोळा त्याला आणखी आत ढकलतो. त्या जागी भिंत म्हणजे पातळ अस्तर आणि मागे स्नायू, त्यापलीकडे मानेतली मोकळी जागा, जी खाली छातीपर्यंत उतरते. काटा भिंत ओलांडून गेला तर त्या जागेत पू होऊ शकतो. बोट किंवा घरचा चिमटा घालणंही नको. ताप आला, थुंकीही गिळता येईना, मान सुजली, मानेच्या कातडीखाली दाबल्यावर कुरकुर लागली, छातीत किंवा पाठीत दुखू लागलं, रक्ताची उलटी झाली किंवा श्वासाला त्रास झाला, तर दवाखान्याची वेळ बघू नका, थेट मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा.

अजून एक गोष्ट तपासा. पाणी प्यायल्यावर ते नाकातून येतं का, आवाज बदललाय का, दर घोटाला ठसका लागतो का? काट्याने असं होत नाही. टाळू आणि तिन्ही कन्स्ट्रिक्टर हलवण्याचं काम मुख्यतः व्हेगसचं. स्टायलोफॅरिंजियस तेवढा नवव्या नसेचा. हे स्नायू लुळे पडले तर अशी लक्षणं येतात, आणि ती अचानक आली असतील तर कारण घशात नसून मेंदूत असण्याची शक्यता धरावी लागते. तुम्ही असं काही लिहिलेलं नाही, त्यामुळे तो विचार मी बाजूला ठेवते.

आज जाताना पोट रिकामं ठेवा. शेवटचं खाणं होऊन सहा तास आणि साधं पाणी पिऊन दोन तास झालेले असले, तर भूल लागलीच तर वेळ जात नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. डॉक्टरांना एवढंच सांगा की उजवा पायरीफॉर्म रिसेस गाल फुगवून आणि मान डावीकडे वळवून बघा, आणि उजव्या टॉन्सिलचं खालचं टोक पुन्हा बघा. घसा बधिर करायचा फवारा मारला असेल तर नंतर तासभर काही खाऊ-पिऊ नका. तो फवारा ठसका आणणाऱ्या त्याच नसेला झोपवतो आणि तेवढ्या वेळात घोट चुकीच्या वाटेने जाऊ शकतो.

कॅमेऱ्यातही काही दिसलं नाही तर दोन वाटा आहेत. टोचणी उतरत असेल तर मऊ खाणं आणि आणखी दोन दिवस थांबणं. उतरत नसेल किंवा वाढत असेल तर मानेचा साधा सीटी स्कॅन, डाय न घालता. अस्तराखाली पूर्ण शिरलेला काटा कॅमेऱ्याला दिसत नाही, पण सीटीत बहुधा सापडतो आणि तो कोणत्या दिशेने निघालाय तेही कळतं.